दमा मुनिमाचा, धूळ दुकानाची

नरसी नामदेवच्या एका मुनिमाने मालकाला द्यायचा अर्ज माझ्या हातात ठेवला. आडतीचं दुकान, मागे गोदाम, मध्ये एक खोली. त्या खोलीत बसून हा माणूस शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या करतो, हमाली-तोलाई लावतो, बँकेची कामं बघतो. दमा लहानपणापासूनचा. अर्ज चार ओळींचा होता. मला दम्याचा त्रास आहे, धुळीने तो वाढतो, तरी सहानुभूतीपूर्वक विचार होऊन योग्य ती सवलत मिळावी, ही नम्र विनंती.

मी म्हणालो, हा अर्ज देऊ नका.

या अर्जात मागितलंय काय? काहीच नाही. मालक चांगला असेल तर म्हणेल, बरं, दोन दिवस घरी आराम करा. तिसऱ्या दिवशी मुनीम त्याच खुर्चीत, तीच धूळ, तोच खोकला. मालक वाईट असेल तर म्हणेल, जमत नसेल तर दुसरीकडे बघा. दोन्ही उत्तरांत दुकान होतं तसंच राहतं. चार ओळींतल्या साडेतीन ओळी मुनिमाच्या छातीविषयी आणि धुळीच्या वाट्याला आला एक शब्द. उलटं हवं. छातीविषयी एक परिच्छेद आणि बाकी सगळा कागद धुळीविषयी. धूळ कुठून उठते, खोलीत कोणत्या वाटेने येते, ती वाट कशी बंद करायची. छाती मुनिमाची आहे, तिच्यावर औषध डॉक्टर देतील. धूळ दुकानाची आहे आणि तिच्यावरचा उपाय फक्त मालकाच्या हातात आहे.

म्हणून आधी आम्ही खोली बघितली.

खोलीला दोन वाटा. एक दार गोदामात उघडतं, एक पुढच्या ओट्यावर. गोदामाच्या बाजूला खिडकी आणि त्या खिडकीत कूलर. कूलर म्हणजे नुसती थंड हवा नव्हे. तो बाहेरची हवा ओढतो आणि आत फेकतो. त्याची पाठ जिकडे, तिकडची हवा मुनिमाच्या नाकात. इथे पाठ गोदामाकडे. हळदीचा हंगाम भर उन्हाळ्यात, म्हणजे कूलर दिवसभर चालू. हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट यार्ड गजबजलेलं असतं, गावोगावच्या गोदामांत पोती उलथत असतात आणि या खोलीत ती सगळी धूळ यंत्र लावून आत घेतली जाते. टेबलावरची काच सकाळी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसली आणि संध्याकाळी पुन्हा पुसली. संध्याकाळचं फडकं पिवळट तपकिरी निघालं. ते फडकं मुनिमाने घडी करून पिशवीत ठेवलं. अर्जाला जोडायचा पहिला पुरावा तो.

समोरच्या भिंतीला एक एक्झॉस्ट पंखाही होता. मुनिमाने मागच्या वर्षी तक्रार केली तेव्हा मालकाने तो बसवून दिला होता. हेतू चांगला, परिणाम उलटा. पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो, मग तितकीच हवा कुठून तरी आत यायला हवी. ती येते गोदामाच्या दाराच्या फटीतून. कळायचं कसं? शिवणाचा दोरा वीतभर घ्या, दार किंचित उघडा आणि दोरा फटीत धरा. दोरा खोलीच्या आत झुकला तर गोदाम तुमच्या खोलीत श्वास सोडतंय. गोदामाकडे झुकला तर खोली सुरक्षित. आमचा दोरा सरळ आत झुकला.

आता उपाय ऐका. कूलर तिथून काढून समोरच्या, रस्त्यापासून दूरच्या मोकळ्या अंगणाच्या खिडकीत बसवायचा. एक्झॉस्ट पंखा बंद. मग कूलर स्वच्छ बाजूची हवा आत भरतो, खोलीत हवेचा दाब किंचित वाढतो आणि ती हवा दाराच्या फटीतून गोदामाकडे बाहेर पडते. धुळीला आत यायला वाटच राहत नाही. जे यंत्र धूळ आणत होतं तेच ती बाहेर ठेवतं. खर्च एका गवंड्याच्या आणि एका वायरमनच्या दिवसाचा. ऑक्टोबरात सोयाबीन येतं तेव्हा थंडाव्याची गरज नसते. तेव्हा पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा. मात्र कूलरच्या जाळ्या दर हंगामात बदलायच्या आणि टाकीतलं पाणी साचू द्यायचं नाही. महिनोन् महिने ओल्या राहिलेल्या गवतावर बुरशी धरते आणि बुरशी हीसुद्धा दम्याला चेतवणारी गोष्ट आहे. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा पाणी बंदच बरं.

अर्जातली ही पहिली मागणी. हिला कुणाची सहानुभूती लागत नाही. कूलर या भिंतीतून त्या भिंतीत.

दुसरी मागणी चाळणीची.

ती मागण्याआधी सोयाबीनची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडे तिच्या धुळीला कुणी मोजतच नाही. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या एकूण २६ साथी आल्या. एखाद्या दिवशी अचानक दवाखान्यांत दम लागलेल्या माणसांची रीघ लागायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. डॉक्टरांनी साथीच्या तारखा काढल्या आणि बंदरातल्या जहाजांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. साथीच्या दिवशी बंदरावर सोयाबीन उतरवलं जात होतं. धान्य साठवायच्या एका उंच कोठीवर धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्यांचे फिल्टर नव्हते. वारा मंद असला की ती धूळ शहरावर पसरायची. फिल्टर बसवले आणि साथी थांबल्या. हे संशोधन १९८९ मध्ये छापून आलं. त्रास देणारी प्रथिनं मुख्यतः दाण्याच्या सालीत असतात, हेही पुढे सिद्ध झालं.

यातून मुनिमाने काय घ्यायचं? दोन गोष्टी. सोयाबीनची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. सालीचा भुगा श्वासात गेला तर बंदरावर पाऊल न टाकलेल्या माणसालाही दम लागू शकतो, मग गोदामाला चिकटून बसलेल्याची गोष्टच सोडा. आणि दुसरी, साथ थांबली ती लोकांना मास्क वाटून नव्हे. धूळ जिथून उठत होती तिथेच ती अडवल्यावर थांबली.

आपल्या गोदामात ती जागा म्हणजे चाळणी यंत्र. पोतं उलथलं की एक लोट उठतो, चाळणी हलते तेव्हा अखंड धूर निघतो, आणि खालून काडीकचरा पडतो तेव्हा तिसरा लोट. साल तिथेच घासली जाते, तिथेच सुटते. म्हणून चाळणीला तीन बाजूंनी ताडपत्रीचा किंवा पत्र्याचा आडोसा, वर धूळ ओढणारं तोंड, त्यातून नळी आणि नळीच्या शेवटी कापडी पिशव्यांचा फिल्टर. ते तोंड चाळणीच्या जितकं जवळ तितकं कामाचं. दोन हात लांब गेलं की ते नुसती स्वच्छ हवा ओढत बसतं आणि धूळ गोदामभर पसरते. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या चौदाव्या कलमातही धूळ ओढणारं साधन उगमाच्या जास्तीत जास्त जवळ लावा, असंच सांगितलं होतं. फिल्टरचा खर्च आज झेपत नसेल तर चाळणीची जागा बदला. खोलीच्या दारापाशी असलेली चाळणी गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला न्या आणि ती चालू असताना खोलीचं दार लावून घ्या. हा उपाय अर्धाच आहे, हमालांच्या छातीला त्याने काही फरक पडत नाही, हेही अर्जात लिहा. मुनीम आपल्यापुरतं मागतोय असं कुणी म्हणू नये, आणि खरंच त्याने आपल्यापुरतं मागू नये.

सोयाबीनवर पाणी मारा असं मात्र चुकूनही लिहू नका. ओलावा वाढला की भाव पडतो, माल काळा पडतो, बुरशी धरते. मालक तो अर्ज तिथेच खाली ठेवेल आणि त्याचं बरोबर असेल. धंद्याला माहीत असलेल्या गोष्टी अर्जदारालाही माहीत असाव्या लागतात.

हळदीबाबत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. हळद औषधी, तिच्या धुळीने कसला त्रास? स्वयंपाकघरातली हळद औषधी असेल. गोदामात उडते ती शेतातली माती, कांडीची वाळलेली साल, मुळांचा भुगा आणि नीट न वाळलेल्या मालावरची बुरशी. ढोलात घालून पॉलिश करताना हेच तर खरवडून काढतात. दम्याच्या श्वासनळ्या आधीच सुजलेल्या आणि चिडलेल्या असतात. त्यांना कोणताही बारीक भुगा चालत नाही, त्याचं मूळ कितीही गुणकारी असो.

तिसरी मागणी झाडूची. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. सकाळी नऊला मुनीम येतो, सव्वानऊला खराटा सुरू होतो. डोळ्यांना दिसते ती जाडी धूळ लगेच खाली बसते. जी दिसत नाही ती बारीक धूळ तासन् तास हवेत तरंगते आणि श्वासनळीत खोलवर तीच जाते. म्हणजे झाडून जमीन स्वच्छ दिसते तेव्हा हवा सर्वांत घाण असते. उपाय असा. झाडझूड माणसं घरी गेल्यावर संध्याकाळी. खोलीत झाडू नाहीच, ओलं फडकं. गोदामात लाकडाचा ओला भुसा टाकून मग झाडणं. झेपलं तर चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर. साधा व्हॅक्यूम नको, तो जाडी धूळ पकडून बारीक धूळ मागून बाहेर सोडतो. रिकामी बारदानं झटकायची जागा खोलीच्या दारापासून दूर ठरवून द्यायची.

चौथी मागणी धुराची. वीज गेली की जनरेटर, तो खिडकीखाली. माल भरायला आलेला ट्रक इंजिन चालू ठेवून ओट्याला पाठ लावतो. गोदामाच्या मागे काडीकचरा पेटवला जातो. आणि सकाळी गल्ल्यावर अगरबत्ती आणि धूप. यातलं शेवटचं मागायला मुनीम कचरत होता. देवाचं कसं बोलायचं? मी म्हटलं, बोला. देवाला हात जोडा, फूल वाहा, समई लावा. धूर बंद खोलीत नको, इतकंच मागायचं आहे. डिझेलच्या धुरातले कण आणि वायू श्वासनळ्यांना जसे चिडवतात तसाच धुपाचा धूरही चिडवतो. ज्याला धाप लागलेली आहे त्याची छाती धूर कशाचा आहे ते विचारत नाही. जनरेटरचा धुराडा छपराच्या वर न्यायचा, माल भरताना ट्रकचं इंजिन बंद, कचरा जाळणं बंद. चार ओळींत संपणारी मागणी.

पाचवी मागणी मात्र दम्यापुरती नाही. ती सगळ्यांच्या जिवाची आहे. गोदामात किडीसाठी सेल्फॉसच्या गोळ्या ठेवतात. गोळीतल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम वायू. तो हवेपेक्षा किंचित जड, आणि दाराच्या फटीतून सहज शेजारच्या खोलीत येणारा. लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो, पण वास येत नाही म्हणजे वायू नाही असं समजू नका. धोक्याच्या पातळीलाही वास लागेलच याचा भरवसा नाही. धूळ अडवणारा मास्क या वायूपुढे निरुपयोगी आहे. या गोळ्या कुणीही आणून कुणीही ठेवायच्या नसतात. त्यांची विक्री आणि वापर जाणकारांच्या देखरेखीपुरता मर्यादित आहे. म्हणून अर्जात स्पष्ट लिहायचं. धुरी द्यायची तारीख आधी लेखी कळवावी. ती जाणकार माणसाकडूनच द्यावी. झाकण काढून गोदामातली हवा पूर्ण मोकळी होईपर्यंत शेजारची खोली बंद ठेवावी आणि तेवढे दिवस मुनिमाला दुसरीकडे बसवावं. ही मागणी मालकाच्या स्वतःच्या फायद्याची आहे. गल्ल्यावर तोही बसतो.

आता पुरावा. मालक विचारणार, हा त्रास आमच्या दुकानाने होतो कशावरून? तुला तर जन्माचा दमा. प्रश्न रास्त आहे आणि त्याला रडून उत्तर देता येत नाही. आकड्याने देता येतं. पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी औषधाच्या दुकानात मिळते. पूर्ण श्वास भरायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि एका झटक्यात जोराने फुंकायचं. काटा जिथे थांबेल तो आकडा, मिनिटाला इतके लिटर. तीनदा फुंकायचं आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. दिवसातून चार वेळा तरी. उठल्यावर, दुपारी, कामावरून आल्यावर, झोपण्याआधी. दोन आठवडे कामाचे आणि मध्ये जितके सुटीचे दिवस मिळतील तितके. शेजारी लिहायचं, आज सोयाबीन की हळद, चाळणी चालू की बंद, निळा पंप किती वेळा घेतला.

मुनिमाची वही मी बघितली. सुटीच्या दिवशी त्याचा आकडा ४३० ते ४५० असायचा. चाळणीच्या दिवशी संध्याकाळी तो ३३० पर्यंत उतरायचा. म्हणजे जवळपास पावपट श्वास एका दिवसात गेला. वीस टक्क्यांहून जास्त चढउतार डॉक्टर गांभीर्याने घेतात. बाजार बंद असलेल्या आठवड्यात आकडा पुन्हा वर. ही वही मालकाला समजते, कारण तो आयुष्यभर आवक आणि भाव यांचे आकडेच वाचत आलाय.

वहीने आणखी एक गैरसमज मोडला. मालक नेहमी म्हणायचा, इथे तर तू ठणठणीत असतोस, रात्री घरी खोकतोस, मग दोष घराचा. असं नसतं. ॲलर्जीची धूळ श्वासात गेल्यावर काहींना लगेच धाप लागते, काहींना चार ते आठ तासांनी, काहींना दोन्ही वेळा. दुपारी घेतलेली धूळ रात्री अकराला छाती आवळते. माणूस तेव्हा घरी असतो आणि बायको उशी झटकत बसते. त्यामुळे कामाचा दमा ओळखायचा प्रश्न हा नव्हे की कामावर त्रास होतो का. प्रश्न हा की सलग सुटीत तो कमी होतो का. डॉक्टरांनाही हा प्रश्न आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

डॉक्टरांच्या दाखल्यावर 'सात दिवस विश्रांती' नको. त्यात दोन वाक्यं पुरेत. या रुग्णाला दमा असून तो नियमित उपचार घेत आहे. धान्याची धूळ, धूर आणि तीव्र वासाच्या वायूंपासून त्याला दूर ठेवणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. औषधांची यादी, जुने रिपोर्ट मालकाला द्यायची गरज नाही. पण नियमित उपचार घेतो हे वाक्य खरं असलं पाहिजे. सूज कमी करणारा रोजचा पंप बंद करून फक्त निळ्या पंपावर दिवस काढणाऱ्याचा अर्ज लंगडा पडतो. बिडी ओढणाऱ्याचाही.

मालकाचं हुकमी उत्तर असतं मास्क. घे, पेटी आणून देतो. नाकावर बांधलेला रुमाल किंवा गमजा बारीक धूळ अडवत नाही, ती कापडाच्या विणीतून आरपार जाते. चांगला एन-९५ अडवतो, पण तो चेहऱ्याला सगळीकडून घट्ट बसला तरच. दाढी असेल तर बसत नाही. उन्हाळ्याच्या चाळिशीत आठ तास तो लावून कुणी शेतकऱ्यांशी बोलू शकत नाही. धाप लागलेल्या माणसाला तर त्यातून श्वास घेणंच जड जातं. पोतं उलथताना दहा मिनिटं गोदामात जायचं असेल तर मास्क जरूर लावावा. आठ तासांच्या खुर्चीला मास्क हा उपाय नाही.

दुसरं उत्तर, बाकीच्यांना तर काही होत नाही. बाकीच्यांना दमा नाही, हे त्याचं कारण. आणि होत नाही हेही कुणी मोजलेलं नाही. हमालांना नाक गळणं, शिंका, डोळे चुरचुरणं रोजचं झालेलं असतं. कामाच्या ॲलर्जीत नाक बहुधा छातीच्या आधी बोलतं. मुनिमाचा अर्ज ही त्या गोदामाची पहिली लेखी सूचना आहे.

कायद्याचं काय? खरं तेच सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात दमा नाही. कामाच्या जागेची हवा धूळ, वायू आणि धुरापासून मुक्त ठेवण्याची गोष्ट २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेत आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. पण ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदाही अशा छोट्या दुकानांना फारसा लागत नाही. पाच-सहा माणसांच्या आडतीत मुनिमाच्या पाठीशी कायदा बारीक आवाजात उभा राहतो. जिथे दहा माणसं आहेत, डाळ मिल आहे, जिनिंग आहे, तिथे अर्जात संहितेचं नाव जरूर लिहा. जिथे नाहीत, तिथे कलमाची धमकी देऊ नका. मालकाला ती पोकळ आहे हे माहीत असतं. तिथे वही, फडकं आणि दोरा जास्त बोलतात.

मग आम्ही अर्ज नव्याने लिहिला. तो असा.

"मा. मालक यांस, सप्रेम नमस्कार. मी आपल्या दुकानात हिशेबाचं काम करतो. मला दमा असून मी नियमित उपचार घेतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. सोबतच्या नोंदवहीप्रमाणे चाळणी चालू असलेल्या दिवशी माझा श्वास सुटीच्या दिवसापेक्षा पावपटीने कमी होतो. पुढील बदल करावेत ही विनंती.

१. कूलर गोदामाच्या खिडकीतून अंगणाच्या खिडकीत बसवावा, एक्झॉस्ट पंखा बंद करावा. या आठवड्यात.
२. चाळणी दारापासून दूर हलवावी व ती चालू असताना खोलीचं दार बंद ठेवावं. या आठवड्यात. आडोसा व धूळ ओढायची नळी पुढच्या हंगामाआधी.
३. झाडझूड संध्याकाळी, खोलीत ओल्या फडक्याने.
४. जनरेटरचा धुराडा छपरावर न्यावा. ट्रकचं इंजिन माल भरताना बंद. कचरा जाळू नये. खोलीत धूप-अगरबत्ती नको.
५. गोदामात धुरी देण्याची तारीख आधी लेखी कळवावी आणि हवा मोकळी होईपर्यंत मला दुसरीकडे काम द्यावं.

बदल झाल्यावर चार आठवडे मी पुन्हा नोंदी ठेवीन व आपणास दाखवीन. फरक न पडल्यास माझं टेबल पुढच्या ओट्याच्या बाजूच्या खोलीत हलवावं. मला कामावर धाप लागल्यास ताठ बसवावं, माझ्या खिशातला निळा पंप द्यावा आणि आराम न पडल्यास १०८ ला फोन करावा, हे दुकानातल्या सर्वांना सांगावं. कृपया पंधरा दिवसांत लेखी कळवावं."

दोन प्रती. एकीवर मालकाची तारखेसह सही, पोच म्हणून. ती पोच घरी, दुकानाच्या कपाटात नव्हे. आणि अर्ज द्यायची वेळ महत्त्वाची. सोयाबीनसाठी दसऱ्याच्या आधी, हळदीसाठी होळीच्या आधी. आवक सुरू झाली की मालकाला मान वर करायला फुरसत नसते आणि गवंडीही मिळत नाही.

एक मर्यादा लपवू नये. जुना दमा धुळीने भडकत असेल तर धूळ कमी केली की तो बऱ्याच अंशी आवरतो. पण कुणाला सोयाबीनच्याच धुळीने नव्याने दमा जडला असेल, तर पुढे अगदी थोडी धूळही पुरते. तिथे कूलर आणि चाळणी यांनी भागत नाही, माणसाला त्या हवेतून पूर्ण बाहेर काढावं लागतं, आणि ते जितकं लवकर तितका श्वास वाचतो. दोन्हींतला फरक छातीच्या डॉक्टरांनी ठरवायचा असतो. वही त्यांनाच आधी दाखवा.

मालकांना एकच सांगणं आहे. असा अर्ज आला तर त्यावर 'विचार करू' लिहू नका. पाच मुद्द्यांपुढे पाच उत्तरं लिहा. हे केलं, हे या तारखेला करीन, हे जमत नाही आणि त्याऐवजी हे करतो. पाचपैकी तीन मुद्द्यांना जवळजवळ पैसा लागत नाही. मग चार आठवड्यांनी त्याची वही मागून घ्या आणि आकडा वर आलाय का ते स्वतः वाचा. आला असेल तर बदल लागू पडलेत; आता आडोसा आणि नळीही लावा, म्हणजे गोदामातली हवा हमालांसाठीही सुधारेल. आला नसेल तर त्याच दिवशी टेबल हलवा.